दातावर डाग कुठे पडलाय, ते आधी पाहा

वणी, हिंगणघाट, यवतमाळ या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये सरकी वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा गिअरबॉक्स सहसा कोणाच्या नजरेत नसतो. त्याचा आवाज वाढला की झाकण उघडतं, दात खराब दिसतात आणि ठरलेला सल्ला मिळतो: "तेल पातळ झालं भाऊ, घट्टं टाका." कधी हा सल्ला बरोबर ठरतो, कधी पैसे वाया जातात. कारण दात दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी खराब होतात आणि दोन्हींचा इलाज एक नाही.

दाताच्या उंचीच्या साधारण मध्यावर एक आडवी रेषा कल्पा. तिला पिच लाइन म्हणतात. दोन दात या रेषेवर भेटतात तेव्हा ते एकमेकांवर नुसते लोळतात. रेषेच्या वर किंवा खाली भेटतात तेव्हा लोळता लोळता घासतातही, आणि रेषेपासून जितकं लांब जावं तितकं घासणं वाढतं.

पिटिंगचे खड्डे पिच लाइनच्या किंचित खाली, बहुतेकदा आधी लहान गिअरवर, म्हणजे पिनियनवर दिसतात. सुरुवातीला ते टाचणीच्या टोकाएवढे असतात, पुढे ज्वारीच्या दाण्याएवढे होतात. हा धातूचा थकवा आहे. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला जोडलेल्या पिनियनचा प्रत्येक दात २० तासांच्या पाळीत सतरा लाखांहून जास्त वेळा दाब झेलतो. त्यातून पृष्ठभागाला बारीक तिरपी चीर पडते. पिच लाइनच्या खालच्या भागात घासण्याची दिशा लोळण्याच्या उलट असते, त्यामुळे चिरेचं तोंड येणाऱ्या दाबाकडे उघडतं. तेल आत शिरतं, वरून दात येऊन तोंड बंद करतो, आणि अडकलेलं तेल पाचरीसारखं चीर आणखी फाडतं. शेवटी वरचा तुकडा निघून येतो. अमेरिकेतल्या स्टुअर्ट वे यांनी १९३५ मध्ये लोळणाऱ्या रुळांवर प्रयोग करून दाखवलं की तेलाशिवाय असे खड्डे पडतच नाहीत. मात्र तेल काढून टाकलं तर दुसरा रोग जडतो.

तो म्हणजे स्कोअरिंग. यात खड्डे नसतात, दाताच्या उंचीच्या दिशेने उभे ओरखडे असतात. ते टोकाजवळ आणि मुळाजवळ गडद असतात आणि पिच लाइनवर जवळजवळ नसतातच, कारण तिथे घासणंच नाही. तेलाचा पडदा फाटतो, दोन दात क्षणभर एकमेकांना वेल्डिंगसारखे चिकटतात आणि पुढच्या क्षणी ओरबाडत सुटतात. पिटिंगला लाखो फेऱ्या लागतात. स्कोअरिंग नव्या गिअरबॉक्सला पूर्ण लोडवर टाकलं, तर पहिल्याच दिवशीही होऊ शकतं.

हा पडदा किती जाड असतो? बहुधा एक मायक्रॉनच्या आतबाहेर. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. हा पडदा टिकतो कारण दातांमधल्या प्रचंड दाबाखाली तेल क्षणभर जवळपास घनासारखं होतं. पडद्याची जाडी दोन गोष्टींवर ठरते: दातांचा वेग, आणि चालत्या तापमानाला तेल किती घट्ट आहे. वेग जास्त असेल तर पातळ तेलही पुरतं. वेग कमी असेल तर घट्ट तेल लागतं.

हे आकड्यांत पाहू. ५ एचपीची मोटर, दोन टप्प्यांचा हेलिकल गिअरबॉक्स, बाहेर ८० फेरे. पहिलं पिनियन दाताच्या मध्यावर मोजलं तर ५५ मिमी व्यासाचं, फेरे १४४०. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४.१५ मीटर. दुसरं पिनियन ७५ मिमीचं, पण फेरे फक्त ३२०, वेग १.२६ मीटर. खनिज तेलासाठी एक जुना ठोकताळा आहे: ५०० ला वेगाच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ४० अंशांना तेलाची घट्टता सेंटिस्टोकमध्ये मिळते. पहिल्या टप्प्याला २४५ येते, दुसऱ्याला ४४६. डब्यावरचा आयएसओ व्हीजी आकडा हीच ४० अंशांची घट्टता सांगतो. एकाला २२० हवं, दुसऱ्याला ४६०, आणि पेटी एकच. अशा वेळी मधलं ३२० घेतात. कंपनीच्या नेमप्लेटवर ग्रेड लिहिला असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून तोच पाळावा.

गावात 'नव्वद नंबर' मागितलं की गाडीचं गिअर ऑइल मिळतं. ते साधारण व्हीजी १५० ते २२० मध्ये बसतं, त्यामुळे आपल्या संथ टप्प्याला ते पातळ पडतं. इंजिन ऑइलचा ४० नंबर आणि गिअर ऑइलचा ९० नंबर यांचे माप वेगळे आहेत. नव्वद म्हणजे चाळीसच्या दुप्पट घट्ट, असं नाही.

खरी गंमत तापमानात आहे. साधारण खनिज व्हीजी २२० तेल ८० अंशांना सुमारे ३६ सेंटिस्टोक असतं, ९० ला २५ च्या आसपास. व्हीजी ३२० हे ९० अंशांना सुमारे ३३. म्हणजे पेटी दहा अंशांनी थंड ठेवली तर ग्रेड वाढवण्याएवढाच, किंबहुना थोडा जास्तच फायदा झाला. जिनिंगमध्ये हे दहा अंश वाढायला वेळ लागत नाही. पेटीच्या पंखांवर रुईचा थर बसतो आणि भर एप्रिलमध्ये तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं. पेटीतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर रुईने बुजला की आतला दाब ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो. तेल काचेच्या खुणेच्या वर भरलं असेल तर गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि उष्णता आणखी वाढते. तेव्हा आधी थर साफ करा, ब्रीदर धुवा, लेव्हल पाहा, मग ग्रेडचं बोला.

फार घट्ट तेलही नडतं. जानेवारीच्या पहाटे विदर्भात पारा दहाच्या घरात येतो. तेव्हा व्हीजी ३२० सुमारे ३००० सेंटिस्टोक असतं. उडणाऱ्या तेलावर जगणाऱ्या वरच्या बेअरिंगपर्यंत ते लवकर पोचत नाही. म्हणून सरकी सोडण्याआधी एलिव्हेटर थोडा वेळ रिकामा फिरवावा.

आता इलाज. खड्डे असतील तर घट्टता आणि तापमान पाहा, तेलात पाणी गेलंय का पाहा. पाण्याने पिटिंग वेगाने वाढतं. उभे ओरखडे असतील तर ईपी तेल हवं. त्यातली गंधक-फॉस्फरसची संयुगं गरम जागी धातूवर पातळ थर बसवतात, म्हणून पडदा फाटला तरी दात चिकटत नाहीत. ईपीचा पिटिंगवर फारसा भरवसा धरू नये. आणि वर्म गिअरच्या पितळी-कांस्य चाकाला काही ईपी तेलं गरम असताना खातात. तिथे डब्यावर वर्मसाठी चालेल असं लिहिलेलं हवं.

खड्डे दिसले म्हणून लगेच गिअर बदलू नका. नव्या गिअरवर काही खड्डे पडतात, उंचवटे झिजून दाब पसरला की ते थांबतात. थांबलेत की वाढताहेत, हे असं ओळखा: मोटरचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढा, तपासणीचं झाकण उघडा, एक दात पुसून त्यावर खूण करा. त्याला मार्किंग निळा हलका लावा, वर पारदर्शक टेप दाबा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून तारीख लिहा. महिन्याभराने तोच दात, तशीच टेप. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वाढ लपत नाही.

टेपवर खड्डे दाताच्या रुंदीच्या एकाच टोकाला गोळा झालेले दिसले, तर कोणत्याही ग्रेडचं तेल काम करणार नाही. शाफ्ट वाकडा आहे, बेअरिंग ढिलं आहे किंवा पायाचा बोल्ट सुटून पेटी पिळली आहे. तेल तसंच राहू द्या आणि आधी फीलर गेजने पेटीच्या चारही पायांखालची फट मोजा.