उलट गणित जुळलं, तरी उत्तर चुकलेलं असू शकतं

एक खोली १४ फूट ६ इंच लांब आणि ११ फूट ३ इंच रुंद आहे. तिचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये हवं आहे. १४.५ गुणिले ११.२५ म्हणजे १६३.१२५ चौरस फूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, हे अनेकांना पाठ असतं. म्हणून कोणी १६३.१२५ ला ०.३०४८ ने गुणतं आणि ४९.७२ चौरस मीटर असं उत्तर काढतं. मग खात्री करण्यासाठी उलटं जातं: ४९.७२ भागिले ०.३०४८, उत्तर १६३.१. मूळ आकडा परत आला, म्हणजे गणित बरोबर, असं वाटतं. प्रत्यक्षात खोली १५.१५ चौरस मीटरची आहे आणि काढलेलं उत्तर तिच्या तिपटीहून मोठं आहे.

उलट गणितात ही चूक दिसली नाही, कारण जाताना आणि येताना गुणक एकच वापरला होता. कोणत्याही संख्येला ०.३०४८ ने, ७ ने किंवा १०० ने गुणून परत त्याच संख्येने भागलं, तर मूळ संख्या मिळणारच. अशा पडताळ्यात कॅल्क्युलेटरवर चुकून दाबलेलं बटण सापडतं. गुणकच चुकीचा असेल तर मात्र काहीच सापडत नाही. एककांच्या रूपांतरातली मोठी चूक बहुतेक वेळा गुणकातच असते, म्हणून पडताळा असा हवा की ज्यात तो गुणक पुन्हा वापरावाच लागणार नाही.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात नेमकं हेच घडलं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद असल्यामुळे टाक्यांमधलं इंधन पट्टीने मोजलं, ते ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचे किलो करायला १.७७ हा गुणक वापरला गेला. हा आकडा एका लिटर इंधनाचं वजन पाउंडात सांगतो. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. त्यामुळे टाकीत साडेतेरा हजार किलो इंधन आहे असा समज झाला आणि सुमारे २०,००० लिटर भरण्याऐवजी ४,९०० च्या आसपास लिटर भरले गेले. इंधन पुन्हा मोजलं गेलं, पण हिशोबात गुणक तोच राहिला. वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. इथे एकच प्रश्न पुरेसा होता: एक लिटर पाणी एक किलोचं असतं आणि हे इंधन पाण्यापेक्षा हलकं आहे, मग त्याच्या एका लिटरचं वजन १.७७ किलो कसं भरेल? या प्रश्नाला तो गुणक लागतच नाही, म्हणूनच त्याने चूक पकडली असती.

खोलीसाठी असाच प्रश्न गणित करण्याआधी विचारता येतो. मीटर फुटापेक्षा मोठा, म्हणून चौरस मीटरचा आकडा चौरस फुटांच्या आकड्यापेक्षा लहान यायला हवा. किती लहान? एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडा जास्त. सव्वातीन गुणिले सव्वातीन साडेदहाच्या वर जातं. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये दहा-अकरा चौरस फूट मावतात, नेमके सांगायचे तर १०.७६. तेव्हा १६३ चौरस फुटांचे चौरस मीटर साधारण पंधरा-सोळा व्हायला हवेत. ४९ दिसलं की तिथेच थांबायचं. १०.७६ ने भागण्याऐवजी गुणलं असतं तर आकडा १,७५० च्या पुढे गेला असता, तो तर लगेच डोळ्यांत भरतो. लांबीचा गुणक क्षेत्रफळाला लावल्यावर येणारं उत्तर जास्त फसवं असतं, कारण ४९ चौरस मीटरची खोलीही जगात कुठेतरी असतेच.

तोंडी अंदाज आणखी जवळचा हवा असेल तर चौरस फुटांचा दशांश घ्यावा आणि त्यातून सात टक्के वजा करावेत. १६३ चा दशांश १६.३, त्याचे सात टक्के १.१, उरले १५.२. ही युक्ती चालते, कारण खरा गुणक ०.०९२९ आहे आणि तो ०.१ पेक्षा सात टक्क्यांनी कमी आहे. हा गुणक ०.३०४८ चा वर्ग आहे. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरला आणि त्याचा तिसरा भाग म्हणून फूट ०.३०४८ मीटरचा, त्यात पुढे दशांश नाहीत. त्यामुळे वर्गही ०.०९२९०३०४ असा नेमका येतो.

अंदाजाने मोठी चूक पकडली जाते. उत्तराची नेमकी खात्री करायला दुसऱ्या वाटेने जावं लागतं. आधी क्षेत्रफळ काढून मग रूपांतर केलं असेल, तर आता आधी बाजूंचं रूपांतर करावं आणि मग गुणाकार. १४.५ फूट म्हणजे ४.४१९६ मीटर, ११.२५ फूट म्हणजे ३.४२९ मीटर, आणि दोन्हींचा गुणाकार १५.१५. या वाटेवर लांबीला लांबीचाच गुणक लागतो आणि वर्ग आपोआप होतो, म्हणून वर्ग करायचं विसरणं शक्यच नसतं. दोन्ही वाटांनी उत्तर तेच आलं, तर क्षेत्रफळाचा गुणक बरोबर होता.

एवढं करूनही एक चूक सुटते, आणि ती दोन्ही वाटांच्या आधीच शिरलेली असते. १४ फूट ६ इंच हे माप कोणी १४.६ असं लिहितं. फुटात बारा इंच असतात, म्हणून सहा इंच म्हणजे अर्धा फूट, ०.५. तसंच ११ फूट ३ इंच हे ११.३ होत नाही, ते ११.२५ आहे. चुकीच्या आकड्यांनी क्षेत्रफळ १५.३३ चौरस मीटर येतं, खऱ्यापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. अंदाजात ते खपून जातं आणि बाजूंच्या वाटेनेही तेच येतं, कारण दोन्हीकडे चुकीचा आकडाच पुढे गेला. एक ते नऊ इंचांपर्यंत या लेखनाने माप थोडं फुगतं. दहा आणि अकरा इंचांना ते एकदम घसरतं: ११ फूट १० इंच हे ११.१० लिहिलं तर खऱ्या ११.८३ फुटांतला जवळपास पाऊण फूट गायब होतो. एखाद्या यादीत सगळ्या मापांचे दशांश .० ते .९, .१० आणि .११ एवढेच आढळले आणि .५ च्या जागी .६ वारंवार दिसला, तर इंच थेट दशांशाच्या जागी लिहिले असल्याची दाट शंका घ्यावी.

खात्रीचा उपाय टेपवरच असतो. बहुतेक टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतात. टेप न हलवता त्याच जागी सेंटिमीटरची कड वाचावी. लांबी ४४२ सेंटिमीटर दिसली तर १४.५ बरोबर, १४.६ खरं असतं तर ती ४४५ दिसली असती. तीन सेंटिमीटरचा फरक टेपवर अगदी स्पष्ट कळतो. हा पडताळा सगळ्यांत भक्कम आहे, कारण त्यात रूपांतर करावंच लागत नाही.

मग उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं? कॅल्क्युलेटर १५.१५४८ दाखवतो. पण माप जवळच्या इंचापर्यंत वाचलं असेल तर प्रत्येक बाजूत अर्ध्या इंचापर्यंत चूक शक्य आहे. १७४ इंचांत अर्धा इंच म्हणजे ०.२९ टक्के, १३५ इंचांत ०.३७ टक्के. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकल्या तर क्षेत्रफळात ०.६६ टक्के, म्हणजे ०.१ चौरस मीटरचा फरक पडतो. तेव्हा १५.२ चौरस मीटर लिहिणं प्रामाणिक आहे. मात्र गणित चालू असताना आकडे कापू नयेत, शेवटी एकदाच पूर्णांकन करावं.

वर्गाची हीच चूक स्वयंपाकघरातही होते. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल साच्यातला केक २५ सेंटिमीटरच्या साच्यात करायचा आहे. २५ भागिले २० म्हणजे १.२५, म्हणून सगळं साहित्य सव्वापट घेतलं जातं. पण मिश्रण साच्याच्या तळावर पसरतं आणि तळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. खरा गुणक १.२५ गुणिले १.२५, म्हणजे १.५६२५. सव्वापट साहित्य घेतलं तर मिश्रणाची उंची मूळच्या ८० टक्केच भरते. पाच सेंटिमीटरऐवजी चार सेंटिमीटरचा थर ठरलेल्या वेळेआधीच भाजून होतो आणि कोरडा पडतो.

इथे टेपची जागा वजनकाटा घेतो. दोन्ही साच्यांत समान उंचीपर्यंत, समजा चार सेंटिमीटर, पाणी भरावं आणि त्या पाण्याचं वजन करावं. लहान साच्यात सुमारे १,२६० ग्रॅम मावेल, मोठ्यात सुमारे १,९६० ग्रॅम. भागाकार १.५६. साच्याचा तळ सुटा असेल तर पाणी गळतं, तेव्हा आत प्लॅस्टिकची पिशवी अंथरावी किंवा पाण्याऐवजी तांदूळ भरावेत. गोल साच्यातून चौकोनी साच्यात जायचं असेल तरी हीच रीत चालते, सूत्र आठवायची गरज राहत नाही.

गुणक पक्का झाला की मग यादीतली चूक शोधायची, आणि तिच्यासाठी एकूण वजन कामाला येतं. मूळ कृतीत मैदा २००, साखर १८०, लोणी १५०, दूध १२० आणि अंडी १०० ग्रॅम आहेत असं धरू. एकूण ७५०. त्याची १.५६२५ पट १,१७२ ग्रॅम. नव्या यादीत मैदा ३१३, साखर २८१, लोणी २३४, दूध १८८ आणि अंडी १५६ ग्रॅम, आणि बेरीज १,१७२. दोन अंड्यांची तीन पूर्णांक एक अष्टमांश अंडी होतात, म्हणून चार अंडी फेटून त्यातून १५६ ग्रॅम मोजून घेतात.

बेरीज १,१०४ भरली तर ६८ ग्रॅम कमी पडले. एखादा पदार्थ वाढवायचा राहून गेला असेल, तर कमी पडलेलं वजन त्याच्या मूळ वजनाच्या ०.५६२५ पट असतं. ६८ भागिले ०.५६२५ म्हणजे जवळपास १२१. मूळ यादीत १२० ग्रॅमचा एकच पदार्थ आहे: दूध जुन्याच मापाने घेतलं गेलं. आणखी ६८ ग्रॅम दूध ओतलं की यादी पूर्ण होते.