कोरफडीचा रस : चीक, अतिसार व पोटॅशियमऱ्हास

कोरफडीच्या (कुमारी, घृतकुमारी) पानांपासून काढलेला रस पोटात घेतल्यास जुलाब होणे व त्यातून रक्तातील पोटॅशियम घटणे, हा या वनस्पतीच्या अंतर्गत वापराचा महत्त्वाचा दुष्परिणाम होय. तो पानाच्या गरापेक्षा प्रामुख्याने चिकामुळे घडतो, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

पानाच्या हिरव्या सालीच्या लगेच आत, वाहक ऊतींलगतच्या पेशींत पिवळसर, अतिशय कडू चीक असतो. मधला रंगहीन, बुळबुळीत गर त्याहून वेगळा असतो. चीक आटवून वाळवला म्हणजे काळा बोळ तयार होतो. त्यातील मुख्य रेचक घटक अॅलॉइन (बार्बालॉइन) हे शर्करेशी जोडलेले अँथ्रोन संयुग आहे. सबंध पान वाटून केलेल्या रसात चीक उतरतो. पान कापून तिरपे उभे ठेवणे, निथळलेला चीक धुऊन टाकणे व साल जाड काढणे या घरगुती रीतीने त्याचे प्रमाण बरेच कमी होते. परंतु किती उरले हे डोळ्यांना कळत नाही आणि कडवटपणा हीच काय ती ढोबळ खूण राहते. कारखान्यात सक्रियित कोळशातून गाळून तो काढतात.

अॅलॉइनची क्रिया कशी होते, याविषयी मते बदलत गेली आहेत. पूर्वी ते आतड्याला थेट चेतवून त्याची हालचाल वाढवते, असे मानले जाई. पुढे असे आढळले की, अॅलॉइन लहान आतड्यातून फारसे शोषले न जाता मोठ्या आतड्यात पोहोचते व तेथील जीवाणू त्याची शर्करा तोडून एलो-एमोडिन-अँथ्रोन हे क्रियाशील द्रव्य मोकळे करतात. जंतुरहित उंदरांना अॅलॉइन देऊनही जुलाब झाले नाहीत. मानवी विष्ठेतून वेगळा केलेला ‘युबॅक्टेरियम’ वंशातील एक जीवाणू त्यांच्या आतड्यात वसवल्यावर मात्र झाले. सारख्याच मात्रेचा परिणाम माणसागणिक वेगळा का होतो, याचा काही उलगडा यातून होतो. परिणाम दिसण्यास ६ ते १२ तास का लागतात, हेही कळते. हालचाल वाढतेच, पण पाणी व क्षार यांचे शोषण कमी होऊन स्रवण वाढणे हे अधिक निर्णायक असावे, असा आता कल आहे.

रेचक म्हणून यूरोपीय औषधनियमनात दिवसाला कमाल सुमारे ३० मिग्रॅ. इतकी, अॅलॉइन ज्यांत मोडते ती हायड्रॉक्सिअँथ्रासीन संयुगे व वापराची मुदत एक आठवडा, अशी मर्यादा दिलेली आहे. कोरफड-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तोंडाने घ्यावयाच्या उत्पादनांत अॅलॉइनचे प्रमाण दशलक्षांश १० पेक्षा जास्त नसावे, असे ठरवले आहे. या प्रमाणाच्या १०० मिलि. रसात सुमारे १ मिग्रॅ. अॅलॉइन येते. चीक न काढलेल्या रसात हेच प्रमाण दशलक्षांश १,००० धरल्यास अवघ्या ३० मिलि. रसात ३० मिग्रॅ., म्हणजे पूर्ण रेचक मात्रा जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून कोरफड वगळली.

पातळ शौचातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. शौच रोज १ लिटर व त्यात प्रतिलिटर ३० मिलिमोल पोटॅशियम धरले, तर आठवड्यात २१० मिलिमोल कमी होतात. रक्तातील पातळी प्रतिलिटर ४ वरून ३ मिलिमोलवर येण्यास शरीरातील साधारण २०० ते ४०० मिलिमोलची तूट लागते, हे पाहता एवढा ऱ्हास उपेक्षणीय नाही. त्यातच पाणी घटल्याने अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. ते सोडियम राखते, पण त्याच्या बदल्यात मूत्रपिंड व मोठे आतडे या दोहोंतून पोटॅशियम आणखी बाहेर जाऊ देते. म्हणूनच जुलाब थांबल्यावरही तूट लगेच भरून येत नाही.

पातळी ३·५ च्या खाली गेल्यास थकवा, पायांत गोळे, पोट फुगणे अशी लक्षणे दिसू शकतात. तूट वाढल्यास हृदयालेखात टी-तरंग सपाट होऊन यू-तरंग उमटतो. फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे, स्टेरॉइडे किंवा ज्येष्ठमध सोबत चालू असल्यास ऱ्हास दुहेरी होतो. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांत पोटॅशियम घटले की त्या औषधाची विषबाधा नेहमीच्या मात्रेतही होऊ शकते. केमोथेरपी चालू असलेल्या एका स्तनकर्करोगग्रस्त स्त्रीमध्ये कोरफडीच्या सेवनाने पोटॅशियम घटल्याची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा रुग्णनोंदी थोड्याच आहेत.

कारण अस्पष्ट असलेल्या पोटॅशियमऱ्हासात रुग्ण कोरफडीचा रस ‘औषध’ म्हणून सांगत नाही, म्हणून त्याविषयी नाव घेऊन विचारावे लागते. २४ तासांच्या मूत्रातील पोटॅशियम २० मिलिमोलहून कमी असल्यास गळती आतड्यातून असण्याचा संभव वाढतो, मात्र निर्जलन असल्यास हा आकडा फसवा ठरतो. दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचे अस्तर दुर्बिणीतून तपकिरी-काळे दिसते. तो रंग सेवन थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतो. उपचारात रस बंद करून पाणी व पोटॅशियम भरून काढतात, आणि मॅग्नेशियमही तपासतात; ते कमी राहिल्यास दिलेले पोटॅशियम मूत्रावाटे निघून जात राहते.