पार्सल ‘Delivered’ दिसतंय, पण घरी आलेलंच नाही? आम्हांला असं कळवा

बिडाची भांडी मागवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुमची ऑर्डर नक्की झाली की हे पत्रक आम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवतो, खोक्यात ठेवत नाही. ज्या अडचणीबद्दल ते आहे ती आली, तर खोकंच तुमच्या हातात नसतं. अडचण अशी: ट्रॅकिंगवर ‘Delivered’ दिसतं आणि दारात काहीच नसतं. अशा वेळी तुम्ही आम्हांला काय आणि केव्हा लिहिता, यावर पार्सल सापडणं बरंचसं अवलंबून असतं. आमच्याकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून ऑनलाइन काही मागवलं असेल तरी पत्र असंच लिहा.

‘Delivered’ कुठून येतं

पार्सल देणारा माणूस त्याच्या फोनमधल्या अॅपवर बटण दाबतो आणि तुमच्या ट्रॅकिंगवर तो शब्द उमटतो. वस्तू खरंच कुणाच्या हातात पडली की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. कधी दिवस संपत आलेला असतो, पिशवीत पार्सलं उरलेली असतात, आणि ती ‘उद्या देऊ’ म्हणून आजच दिल्यासारखी नोंदवली जातात. आमची खोकी जड असल्यामुळे तीच मागे राहण्याचा संभव जास्त. कधी पार्सल वॉचमनकडे किंवा खालच्या किराणा दुकानात ठेवलं जातं आणि तुम्हांला कुणी सांगत नाही. आणि कधी ते दुसऱ्याच इमारतीत जातं. एकाच पिनकोडमध्ये दोन ‘शिवकृपा’ आणि तीन ‘साई दर्शन’ असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे.

म्हणून आधी शेजारी, वॉचमन, खालचं दुकान आणि घरातली माणसं यांना विचारून घ्या. जवळपास तुमच्या इमारतीच्या नावाची दुसरी इमारत असेल तर तिथेही. एवढं झालं की त्याच संध्याकाळी आम्हांला लिहा. ‘उद्या येईल कदाचित’ म्हणून थांबू नका. आमच्या कुरिअरकडे ‘पार्सल पोचलं नाही’ ही तक्रार नोंदवायला आम्हांला ‘Delivered’ पडल्यापासून 48 तासच मिळतात. पार्सल दुसऱ्या दिवशी आलं तर ‘मिळालं’ एवढा एक मेसेज पुरे, आम्ही तक्रार मागे घेतो.

कुरिअरला नको, आम्हांला लिहा

पैसे तुम्ही आम्हांला दिले आणि माल पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतली. कुरिअरचा ग्राहक कागदोपत्री आम्ही आहोत, त्यामुळे चौकशीही आमच्याच तक्रारीवर होते. तुम्ही त्यांना फोन केलात तर बहुतेक वेळा ‘आमच्याकडे Delivered दिसतंय’ एवढंच ऐकायला मिळेल.

यात एक धोकाही आहे. गुगलवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर खोटा असू शकतो. ‘पत्ता अपुरा आहे, पुन्हा डिलिव्हरीसाठी पाच रुपये भरा’ अशी लिंक आली तर ती उघडू नका. हे पैसे उकळणाऱ्यांचं काम असतं. पार्सल हातात पडण्याआधी फोनवर ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

पत्राचा नमुना

आमच्या नाशिकच्या एका ग्राहक ताईंचं पत्र, ऑर्डर क्रमांक आणि तारखा बदलून, इथे देतो. त्यांनी ते ईमेलने पाठवलं होतं. व्हॉट्सअॅपही चालतं, पण व्हॉइस मेसेज नको. लिहिलेला मजकूर आम्हांला कुरिअरकडे जसाच्या तसा पाठवता येतो.

*विषय: ऑर्डर क्र. 3178, ‘Delivered’ दाखवलेले पार्सल मिळालेले नाही*

*नमस्कार,*

*10 जूनला मी तुमच्याकडून दहा इंची बिडाचा तवा आणि आप्पेपात्र मागवले. 2,150 रुपये त्याच दिवशी यूपीआयने भरले. ट्रॅकिंगवर हे पार्सल 16 जूनला संध्याकाळी 6.42 वाजता ‘Delivered’, ‘Received by: Self’ असे दिसते. पार्सल मला किंवा घरातल्या कुणालाही मिळालेले नाही.*

*त्या वेळी मी आणि सासूबाई घरीच होतो. बेल वाजली नाही, फोन किंवा ओटीपी आला नाही. वॉचमन, शेजारचे दोन्ही फ्लॅट आणि खालचे किराणा दुकान येथे विचारले, कुणाकडेही पार्सल ठेवलेले नाही. गेटवरच्या कॅमेऱ्यात 6.30 ते 7 या वेळेत कुरिअरचे कुणी आलेले दिसत नाही.*

*कृपया कुरिअरकडून डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे फोटो, सही आणि त्या वेळचे लोकेशन, मागवून मला पाठवा. पार्सल सापडत नसेल तर तीच भांडी पुन्हा पाठवा. ते शक्य नसेल तर पैसे परत करा. काय ठरले ते 23 जूनपर्यंत लेखी कळवा. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आणि पेमेंटची पावती जोडली आहे.*

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, आणि तरी ते ठाम आहे. ‘अजून आलं नाही, बघता का?’ असं लिहिलं तर कुरिअरकडे ते उशिराची तक्रार म्हणून नोंदलं जातं आणि उत्तर येतं, ‘पार्सल दिलेलं आहे’. ‘Delivered दाखवलंय, पण मिळालेलं नाही’ असं स्पष्ट लिहिलं की चौकशी सुरू होते. ‘तुमच्या पोराने चोरलं’ असं मात्र लिहू नका. ते आपल्याला माहीत नसतं, आणि मग सगळी चर्चा आरोपावरच अडकते.

घरी कोण होतं, कुणाकुणाला विचारलं, हे लिहिणं सगळ्यांत महत्त्वाचं. कुरिअरचा पहिला प्रश्न तोच असतो. तो आम्ही तुम्हांला विचारायचा आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, यात 48 तासांतला एक दिवस जातो. कॅमेरा असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना त्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवायला लगेच सांगा. जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं आणि काही दिवसांनी ते मिळत नाही.

आणि पुरावा नावानिशी मागा. ‘चौकशी करा’ म्हटलं की ‘चौकशी केली’ असं उत्तर येऊ शकतं. फोटो आणि लोकेशन मागितलं की एक तर ते द्यावं लागतं, नाही तर ते नाही असं कबूल करावं लागतं.

फोटोत काय दिसलं

ताईंच्या पत्रावरून आम्ही तक्रार टाकली आणि दुसऱ्या दिवशी फोटो आला. हिरवट संगमरवरी उंबऱ्यावर राखाडी प्लॅस्टिकचं एक चपटं पाकीट, कपड्यांचं असतं तसं. आमचं खोकं 4 किलो 600 ग्रॅमचं, पुठ्ठ्याचं, चारही कडांना खाकी टेप लावलेलं. ताईंच्या दाराला लोखंडी जाळी आहे आणि उंबरा लाकडी. फोटो दुसऱ्याच पार्सलचा, दुसऱ्याच दारातला होता. बटण दाबलं तेव्हाचं लोकेशनही त्यांच्या घरापासून जवळपास दोन किलोमीटरवरचं निघालं.

मालाचं वजन आम्ही पाठवताना बिलावर लिहितो आणि कुरिअरही ते आपल्याकडे नोंदवतं. तवा-आप्पेपात्राचं वजन असलेलं काहीही त्या पाकिटात मावणार नाही, हे आम्ही बिल जोडून दाखवलं. मग त्यांनी गोदामात शोध घेतला. खोकं तिथेच कोपऱ्यात होतं, बाहेर पडलंच नव्हतं. त्या मुलाने दिवसाअखेर उरलेली सगळी पार्सलं एकदम ‘Delivered’ करून टाकली होती.

म्हणून फोटो आला की आम्ही तो तुम्हांला पाठवतो आणि तुमच्या दाराचा एक फोटो मागतो. यात तुमच्यावर अविश्वास नसतो. उंबरा, फरशी, नावाची पाटी, बेलचं बटण यांवरूनच जागा वेगळी असल्याचं सिद्ध होतं.

सगळी पार्सलं अशी सापडत नाहीत. चुकीच्या हातात गेलेलं पार्सल परत मिळणं अवघड असतं. तक्रार आल्यापासून सात दिवसांत सापडलं नाही, तर तुम्ही म्हणाल तसं आम्ही नवीन पाठवतो किंवा पूर्ण पैसे परत करतो. कुरिअर आम्हांला भरपाई देतं की नाही, किती देतं, तो आमचा आणि त्यांचा हिशेब. त्यासाठी तुम्हांला थांबवून ठेवणं आम्हांला योग्य वाटत नाही. ‘कुरिअरने पैसे दिले की देऊ’ असं कुणी विक्रेता म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर

मग पत्रात ‘मी कुणालाही पैसे दिलेले नाहीत’ हे वाक्य आवर्जून घाला. पार्सल ‘Delivered’ झालं की तितकी रक्कम त्या माणसाला कुरिअरकडे जमा करावी लागते. रक्कम जमा नसेल तर खोटी नोंद तिथल्या तिथे उघडी पडते. जमा असेल, तर ती कुणी आणि कुठे दिली याचा तपास कुरिअरला करावाच लागतो.

विक्रेता उत्तरच देत नसेल तर

2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात, अशी मुदत आहे. मोठ्या साइटवरून घेतलं असेल तर आधी त्यांच्या अॅपमध्ये तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग याच अधिकाऱ्याला तो क्रमांक देऊन लिहा. अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल साइटवर द्यावाच लागतो, बहुधा तो अगदी तळाशी असतो.

तिथेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तिथे तुमचं पहिल्या संध्याकाळचं पत्र हाच पहिला पुरावा असतो, म्हणून ते आणि आलेली सगळी उत्तरं जपून ठेवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडेही ‘माल मिळाला नाही’ अशी हरकत नोंदवता येते. तिची मुदत बँकेला लवकर विचारून घ्या.

नवीन पाठवल्यावर किंवा पैसे परत केल्यावर जुनं खोकं कधी तुमच्याकडे पोचलं, तर तेही आम्हांला कळवा. ते परत नेण्याची सोय आम्ही आमच्या खर्चाने करतो. ठेवून घ्यायचं असेल तर फक्त त्याची किंमत पाठवा.