झोपेतली राणी गद्यात बोलते

मध्यरात्र उलटून गेली आहे. स्कॉटलंडमधल्या डनसिनेनच्या किल्ल्यात एक वैद्य आणि राणीची एक दासी दबक्या आवाजात बोलत उभे आहेत. वैद्याची ही जागरणाची दुसरी रात्र, आणि अजून त्याला काहीच दिसलेलं नाही. दासीने मात्र अनेकदा पाहिलंय: राणी झोपेतच उठते, कपाट उघडते, कागद काढते, त्याची घडी घालते, त्यावर लिहिते, लिहिलेलं वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा बिछान्यावर जाऊन पडते. झोपेत ती काय बोलते, हे मात्र दासी सांगायला तयार नाही. कारण दासीच्या सांगण्याला दुजोरा देणारा साक्षीदार नाही. तेवढ्यात हातात दिवा घेऊन लेडी मॅकबेथ येते. डोळे उघडे, पण नजर मिटलेली.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधला, म्हणजे साधारण 1606 सालच्या नाटकातला, हा पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश. रक्ताचा डाग पुसणारे तिचे हात सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्या प्रवेशात आणखी एक गोष्ट घडते आणि ती मराठी अनुवादातून बहुतेक वेळा निसटते. पहिल्या तीन अंकांत पद्यात बोलणारी ही बाई इथे गद्यात बोलते.

इथलं ‘पद्य’ म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. आपल्या वृत्तांत अक्षर लघु की गुरू, म्हणजे त्याचा उच्चार आखूड की लांब, ते मोजतात. इंग्रजीत मोजतात तो आघात, शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो तो. शेक्सपिअरच्या नाटकातल्या नेहमीच्या ओळीत दहा उच्चार-तुकडे असतात आणि एकाआड एक जोर पडून पाच ठोके बसतात. ओळींच्या शेवटी बहुतेक वेळा यमक नसतं, त्यामुळे कानाला ते गाणं वाटत नाही, बोलणंच वाटतं. पण त्या बोलण्याच्या खाली एक ठेका सतत चालू असतो. गादीसाठी मॅकबेथ डंकन राजाचा खून करतो. त्यानंतर, रक्ताने माखलेल्या या नवऱ्याला लेडी मॅकबेथ म्हणते: ‘अ लिटल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड’. थोडंसं पाणी घेतलं की या कृत्यातून आपण मोकळे. ही ओळ टेबलावर बोटाने ठोके देत म्हणून पाहा. लिट्, वॉ, क्लिअर्स, ऑफ, डीड. पाच ठोके बरोबर बसतात, एकही घसरत नाही. समोर नवरा थरथरतो आहे आणि तिच्या ओळीची शिस्त शाबूत आहे.

आता शाळा-कॉलेजात शिकवतात तो ढोबळ नियम. राजे, सरदार, उमराव पद्यात बोलतात. नोकर, सैनिक, विदूषक, गावकरी गद्यात. आपल्याला हे फार परकं वाटायला नको. संस्कृत नाटकात राजा संस्कृतात बोलतो आणि कोळी मागधीत. तिथे दर्जाप्रमाणे भाषा बदलते, इथे बोलण्याची घडण बदलते. नियम खोटा नाही. पण ‘मॅकबेथ’मध्ये तो किती लवकर उसवतो ते पाहण्यासारखं आहे. तिसऱ्या अंकात आपल्या जुन्या सोबत्याला, बँकोला मारण्यासाठी राजा झालेला मॅकबेथ ज्या माणसांना बोलावतो, ते जगाच्या लाथा खाल्लेले, कफल्लक लोक आहेत. तरी ते पद्यात बोलतात, कारण ते राजासमोर उभे आहेत आणि प्रसंगाचा सूर राजाने ठरवलेला आहे. उलट चौथ्या अंकात सरदार मॅकडफची बायको आणि तिचा लहान मुलगा ‘बाबा गेले तर तू काय करशील’ अशी थट्टामस्करी करतात, तेव्हा त्यातला बराच भाग गद्यात आहे. घरंदाज माणसंच ती, पण घरात, आईलेकांत बोलतायत. मग एक अनोळखी निरोप्या धावत येतो, पळून जा म्हणून सांगतो, आणि त्याच्या पहिल्या वाक्यासरशी पद्य परत येतं. मारेकरी त्याच्या मागोमाग पोचतात. प्रेक्षकाच्या कानाला आधी कळतं की घर संपलं.

मला यातून जे दिसतं ते असं. दर्जा ही फक्त सुरुवातीची पट्टी आहे. नाटककार ती एकदा प्रेक्षकाच्या कानात बसवतो आणि मग पात्र पट्टी सोडतं तो क्षण वापरतो. म्हणून कोण गद्यात बोलतं याच्यापेक्षा कोण, केव्हा, कोणासमोर गद्यात गेलं आणि तिथून कशाने परत आलं, हे बघितलं तर जास्त हाती लागतं.

‘मॅकबेथ’ त्यासाठी सोयीचं आहे, कारण त्यात गद्य फार थोडं आहे. आईलेकांचा तुकडा सोडला तर मुख्य जागा तीन: पहिल्या अंकातलं पत्र, दुसऱ्या अंकातला द्वारपाल, आणि हा झोपेतला प्रवेश. द्वारपालाची जागा तर नियमाला धरूनच आहे. खून झालाय, दारावर ठकठक होतेय, आणि रात्रभर प्यायलेला द्वारपाल आपण नरकाच्या दारावर पहारा देतोय अशी कल्पना करत बडबडतो. दार उघडल्यावर मॅकडफ त्याच्याशी दारूच्या परिणामांवर गप्पा मारतो, तेही गद्यात. वरचा माणूस खालच्याशी बोलताना त्याच्या बोलीत उतरतो. तेवढ्यात मॅकबेथ येतो. मॅकडफ विचारतो, ‘इज द किंग स्टरिंग, वर्दी थेन?’ राजेसाहेब उठले का? मॅकबेथ म्हणतो, ‘नॉट येट.’ अजून नाही. प्रश्न आठ तुकड्यांचा, उत्तर दोन तुकड्यांचं. दोघांची मिळून एक पुरी ओळ. गद्य कधी संपलं ते कळतही नाही, आणि ज्या माणसाने राजाला मारलंय तो मॅकडफच्या ओळीत आपले दोन शब्द नेमके बसवून देतो.

आता पत्र. लेडी मॅकबेथ आपल्याला पहिल्यांदा दिसते ती नवऱ्याचं पत्र वाचताना, आणि पत्र गद्यात आहे. यावरून तिच्या मनाबद्दल काही अनुमान काढायला जाऊ नये. त्या काळच्या नाटकांत पत्रं, जाहीरनामे वगैरे वाचून दाखवायचा मजकूर सर्रास गद्यातच असे, म्हणजे तो पात्राचा स्वतःचा उद्गार नाही हे कानाला कळे. पत्र संपतं आणि ती स्वतःच्या शब्दांत बोलू लागते त्या क्षणी पद्य सुरू होतं: तू ग्लॅमिसचा सरदार आहेस, कॉडरचाही झालास, आणि राजा होण्याचं पुढचं वचनही खरं ठरेल. थोड्याच वेळात ती अदृश्य शक्तींना हाक मारून म्हणते, माझं बाईपण काढून घ्या. त्या ओळी इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत की तिच्या इच्छाशक्तीचा आकारच जणू पद्याला आलेला आहे.

म्हणजे रंगमंचावर तिच्या तोंडून येणारे पहिले शब्द गद्य आहेत आणि शेवटचेही. पहिलं गद्य दुसऱ्याचं होतं, शेवटचं तिचं स्वतःचं. आणि झोपेत ती काय करते? कागद काढते, लिहिते, वाचते, मोहोर लावते.

या शेवटच्या गद्यात काय काय आहे ते जवळून पाहा. ‘निघ, डागा, निघ म्हणते ना! एक, दोन, म्हणजे आता करायची वेळ झाली. नरकात काळोख आहे. छे, स्वामी, छे! शिपाईगडी आणि घाबरता?’ चार-पाच वाक्यं आणि दोन काळ. डाग आत्ताचा आहे. घंटेचे टोल खुनाच्या रात्रीचे. नवऱ्याला दिलेली चपराकही त्याच रात्रीची. लगेच पुढे मॅकडफच्या बायकोची आठवण येते, आणि ती जवळपास बालगीतासारखी: ‘द थेन ऑफ फाइफ हॅड अ वाइफ’, फाइफच्या सरदाराला, म्हणजे मॅकडफला, एक बायको होती. मग बँको: तो पुरलाय, थडग्यातून बाहेर येऊ शकत नाही. मग दारावरची ठकठक. प्रत्येक वाक्य वेगळ्या रात्रीतून तुटून आलेलं आहे. पद्याची ओळ एका विचाराला धरून पुढच्या ओळीकडे ढकलते. इथे पुढे नेणारं काहीच उरलेलं नाही.

त्यातले काही तुकडे तिच्याच जुन्या पद्याचे आहेत, हे मला सगळ्यांत जास्त भिडतं. तिसऱ्या अंकात तिने नवऱ्याला ठणकावलं होतं, ‘व्हॉट्स डन इज डन’, झालं ते झालं. आता ती म्हणते, ‘व्हॉट्स डन कॅनॉट बी अनडन’, झालं ते न झालेलं करता येत नाही. शब्द जवळपास तेच, पण समजुतीची जागा हताशपणाने घेतली. आणि ते ‘लिटल वॉटर’ आठवतं? इथे तो ‘लिटल’ परत येतो, पण पाण्याला नव्हे, हाताला लागून: अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी ‘धिस लिटल हँड’ सुगंधी होणार नाही. या वाक्यावर पुन्हा बोटाने ठोके देऊन पाहा. पाचाचा हिशेब कुठेच लागत नाही. त्यानंतर नुसते तीन सुस्कारे.

गद्य म्हणजे वेड, असं समीकरण मात्र करू नये. हॅम्लेट वेडाचं सोंग घेताना गद्य वापरतो, ऑथेल्लो झटका येऊन कोसळण्याआधी गद्यात फुटतो, हे खरं. पण मेजवानीत बँकोचं भूत पाहून मॅकबेथ सगळ्या सरदारांसमोर किंचाळतो तेही पद्यात. त्याचं मन हललेलं आहे, पण तो भुताशी झगडतोय, आणि झगडणाऱ्याला ओळ सापडते. राणी झोपेत आहे, तिला झगडताच येत नाही.

एक सावधगिरी छपाईबद्दल. ‘मॅकबेथ’ची सगळ्यांत जुनी प्रत 1623 सालच्या जाड संग्रहातली आहे, आणि त्या काळी पानावर किती मजकूर बसेल याचा आधी अंदाज बांधून खिळे जुळवत. अंदाज चुकला की जागा वाचवायला पद्य सलग छापायचं, जागा भरायला गद्याच्या ओळी तोडायच्या, असे प्रकार होत. म्हणून नुसत्या छापील आकारावर विसंबू नये. शंका आली तर मोठ्याने वाचावं.

हा प्रवेश तेव्हाच्या प्रेक्षकालाही भिडला होता याचा एक पुरावा आहे. सायमन फोरमन नावाच्या वैद्य-ज्योतिषाने 1611 साली ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिलं आणि आपल्या वहीत लिहून ठेवलं की राणी रात्री झोपेत उठली, चालली, बोलली, सगळं कबूल केलं, आणि वैद्याने तिचे शब्द टिपून घेतले. वैद्य टिपून घेतो, हे एका वैद्याच्या नजरेने बरोबर हेरलं. प्रवेशातला वैद्य खरंच म्हणतो, मला नीट आठवावं म्हणून ती बोलते ते मी लिहून ठेवतो. इतका वेळ तो आणि दासी दोघंही गद्यात बोलताहेत. रुग्णाच्या खोलीबाहेरचं, लक्षणं सांगण्या-विचारण्याचं बोलणं ते.

राणी बिछान्याकडे निघून जाते. वैद्य दासीला एवढंच विचारतो की ती आता झोपेल का. दासी म्हणते, लगेच. आणि मग वैद्याचं बोलणं पद्यात चढतं: बाहेर वाईटसाईट कुजबुज आहे, विकृत कृत्यांतून विकृत व्याधी जन्मतात, हिला वैद्याची नव्हे, धर्मगुरूची गरज आहे. ‘नाइट’ आणि ‘साइट’ असं यमकही जुळतं. त्याला काय कळलं ते आपल्याला कळतं. तो मात्र तिथेच थांबतो: ‘आय थिंक, बट डेअर नॉट स्पीक’, मनात आहे, पण बोलायची हिंमत नाही. सहा तुकडे, ओळ अर्धवट. ती पुरी करते दासी, जी प्रवेशभर गद्यात बोलत होती, जिने साक्षीदार नाही म्हणून तोंड उघडायला नकार दिला होता: ‘गुड नाइट, गुड डॉक्टर.’