कूलरचे पॅड कोरडे राहणे

डेझर्ट कूलरचा पंखा फिरतो, पंपाची घूंऽ ऐकू येते, पण वाळा किंवा वुडवूलचे पॅड भिजत नाहीत, असा हा बिघाड. नागपुरात होळीच्या सुमारास कूलर गच्चीवरून खाली उतरतात तेव्हा आणि पुढे नवतप्यात तो हमखास समोर येतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला भिजलेला पॅड आत येणारी हवा २८ अंशांपर्यंत उतरवू शकतो. पॅड कोरडा असेल तर तोच पंखा बाहेरची ४४ अंशांची झळ खोलीत ओढतो. अशा वेळी कूलर नसलेला बरा.

पाण्याचा मार्ग सरळ आहे. टाकीच्या तळाशी बुडालेला छोटा पंप पाणी नळीतून वर चढवतो. वर तीन-चार तोंडांच्या प्लॅस्टिकच्या वाटपीतून ते प्रत्येक बाजूच्या पन्हाळीत किंवा छिद्रांच्या पाईपात जाते आणि थेंबाथेंबाने पॅडवर उतरते. पाणी दिसले नाही की बहुतेक जण आधी पंप बदलतात. पॅड कुठे आणि केव्हा कोरडा पडतो हे आधी पाहिले, तर तो खर्च बऱ्याचदा वाचतो.

एकच बाजू कोरडी असेल, किंवा पॅडवर ओल्या-कोरड्या उभ्या पट्ट्या दिसत असतील, तर पंपाला दोष देऊ नये. वाटपीचा पाईप किंवा त्याची छिद्रे बुजलेली असतात. बोअरचे जड पाणी दिवसभर फिरत राहते, त्यातले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून छिद्रांच्या काठावर पांढरे थर धरतात. त्यात वाळ्याच्या काड्या अडकतात. नुसती सुई घातली तर खपली आत पडते आणि पुढच्या छिद्रात जाऊन बसते. म्हणून पाईप काढून, टोकाचे झाकण उघडून, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावा आणि नळाच्या धारेखाली उलटा धुवावा. हे आंबट पाणी लोखंडी टाकीत ओतू नये, पत्र्याचा जस्ती थर खाल्ला जातो.

कमजोर पंप ओळखणे अवघड, कारण तो सकाळी ठीक चालतो. समजा खिडकीला लावलेल्या लोखंडी कूलरची पन्हाळी तळापासून साडेतीन फूट उंच आहे. टाकीत फूटभर पाणी असताना पंपाला अडीच फूटच चढवायचे असते, कारण उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून. दुपारी दोनपर्यंत पाणी चार बोटांवर येते आणि चढ सव्वातीन फुटांच्या जवळ जातो. झिजलेल्या पंपाची ताकद तीन फुटांपर्यंतच उरली असेल, तर ऐन उन्हात सगळे पॅड सुकतात. टाकी भरली की पुन्हा ओले. घरचे म्हणतात, 'पाणी कमी होतं म्हणून.' खरे तर पंप कमी पडत असतो. नव्या पंपाच्या खोक्यावर सहा फूट लिहिलेले असले, तरी ती धार शून्यावर येण्याची उंची असते. त्याहून बरेच खाली राहिले तरच पुरेसे पाणी मिळते.

तपासायला वाटपीपासून नळी सोडवून तोंड टाकीवर धरावे आणि मग हळूहळू पन्हाळीच्या उंचीपर्यंत न्यावे. खाली जोरदार असलेली धार वर जाता जाता मरत असेल, तर पंप. वरही धार जोरात असेल, तर अडथळा वाटपीत. पंप बदलण्याआधी त्याच्या तोंडाची जाळी आणि आतला पंखा मात्र पाहावा. केस, वाळा आणि क्षार काढल्यावर अनेक पंप पुन्हा पाणी फेकू लागतात.

नळीतून काहीच येत नसेल आणि ही गोष्ट टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर लगेच सुरू झाली असेल, तर पंपाने हवा धरलेली असते. आतला पंखा पाणी ढकलू शकतो, हवेचा बुडबुडा ढकलू शकत नाही. आवाज येतो, मधूनच गुडगुड होते, पाणी येत नाही. प्लग काढून पंप पाण्याखालीच तिरपा करावा, तोंड वर आले की बुडबुडे सुटतात. तरीही जमले नाही तर नळी काढून तांब्याने पाण्याने भरून पुन्हा जोडावी. लांब नळीने मध्ये कमान केली असेल तर तिच्या माथ्यावर हवा परत साचते. तेवढी नळी कापून टाकावी. हवा धरलेला पंप तासन्‌तास चालू ठेवला तर तापून जळतो.

या सगळ्यात बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग उपसल्याशिवाय पाण्यात हात घालू नये आणि नळीची चाचणी चालू असताना ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कूलरच्या पत्र्याला हात लावू नये. पंपाची वायर उघडी पडलेली आणि अर्थिंग तुटलेले, अशा स्थितीत लोखंडी कूलरचा सगळा पत्राच जिवंत होऊ शकतो.