‘उसने जाना चाहिए’ हे हिंदी येते कुठून?

इयत्ता पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या वादात दोन्ही बाजूंकडून एक वाक्य सारखे ऐकू येत होते, ते म्हणजे ‘हिंदी काय, मराठी माणसाला आपोआपच येते’. हे अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे कुठे अडते ते ‘ने’ या एका प्रत्ययावरून फार चांगले कळते.

खऱ्या अर्ध्याचा पुरावा फिनलंडमध्ये मिळतो. तेथे काहींची मातृभाषा स्वीडिश, तर बहुतेकांची फिनिश आहे. देश तोच आणि शाळांची पद्धतही तीच असूनही इंग्रजी शिकताना स्वीडिशभाषक मुले पुढे असतात, विशेषतः समजण्यात, असे हाकन रिंगबोम या अभ्यासकाने दाखवून दिले. स्वीडिश ही इंग्रजीची नातलग आहे, तर फिनिशचे कूळच वेगळे आहे.

आता सांगलीच्या मार्केट यार्डात येऊ. हळदीच्या अडत दुकानातला मराठी माणूस परराज्यातील व्यापाऱ्याला फोनवर सांगतो, ‘गाड़ीवाले ने कल आना चाहिए था’. प्रमाण हिंदीत येथे ‘गाड़ीवाले को’ हवे. अशा बोलण्याला अशुद्ध म्हणून हसण्याची पद्धत आहे, पण ही चूक निष्काळजीपणाची नसून अत्यंत शिस्तबद्ध आहे. मराठीत ‘गाडीवाल्याने यायला पाहिजे होते’ असे म्हणतात. बोलणाऱ्याने शब्द हिंदी घेतले आणि वाक्याचा सांगाडा मराठीच ठेवला.

येथवरचे कोणालाही सुचेल. खरी गंमत ‘मी’ या सर्वनामात आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’ यात ‘ने’ दिसतो, ‘मी आंबा खाल्ला’ यात दिसत नाही. हिंदीत मात्र ‘उसने’ आणि ‘मैंने’ या दोन्हींत तो लागतो. मराठी माणूस केवळ वरवरचे रूप उचलत असता, तर तो सर्रास ‘मैं आम खाया’ म्हणाला असता. पण तो बहुधा ‘मैंने आम खाया’ असे बिनचूक म्हणतो. याचे कारण असे की मराठीतही येथे ‘ने’ आहेच, फक्त तो लपलेला आहे. ‘आम्ही सगळे आलो’ आणि ‘आम्ही सगळ्यांनी जेवण केले’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘आम्ही’ दोन्हीकडे सारखेच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात त्याच्यामागून येणाऱ्या ‘सगळे’ला ‘नी’ लागून लपलेली विभक्ती उघडी पडते. व्याकरणाचे पुस्तक न उघडताही हा भेद बोलणाऱ्याच्या मनात पक्का असतो, म्हणून ‘मैंने खाया’ त्याला फुकटात मिळते. आणि त्याच ज्ञानाच्या जोरावर, ‘मी जायला पाहिजे’ यात वर काहीच दिसत नसताना, तो ‘मैंने जाना चाहिए’ असे चुकतो. मदत आणि अडथळा या दोन्हींचा उगम एकच आहे.

‘लाना’ या क्रियापदाचेही तसेच आहे. ‘त्याने हळद आणली’ म्हणून ‘उसने हल्दी लाई’ असे तोंडी येते, पण हिंदीत ‘वह हल्दी लाया’ हवे. ‘लाना’ हे ‘ले आना’ यावरून घडलेले आहे, आणि ‘आना’ अकर्मक असल्याने त्याच्यासोबत ‘ने’ येत नाही.

संस्कृत ही सगळ्या भाषांची जननी असल्याने एक भाषा आली की बाकीच्या आल्याच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातीलच जत तालुक्यात जावे. तेथे अनेकांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये संस्कृत शब्द भरपूर असले तरी ती द्राविड कुळातील आहे आणि तिच्यात हा ‘ने’ मुळातच नाही; क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. म्हणून केवळ कन्नडच्या आधाराने हिंदी शिकणाऱ्याकडून ‘मैं किताब पढ़ा’ या चुकीची अपेक्षा धरावी लागते. त्याला ‘ने’ पहिल्यापासून शिकावा लागेल, तर मराठी मुलाला तो कुठे वापरायचा नाही एवढेच शिकायचे आहे.

हे ‘एवढेच’ मात्र चिवट असते. ‘गाड़ीवाले ने आना चाहिए था’ हे समोरच्याला पूर्ण समजते, हळदीचा सौदाही होतो, आणि त्यामुळे काही चुकले असे बोलणाऱ्याला कळण्याचा प्रसंगच येत नाही. चुका अशा गोठून बसण्याच्या प्रकाराला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘फॉसिलायझेशन’ असे नाव दिले. नुसती हिंदी कानावर पडत राहण्याने अशी चूक सुटेल याची खात्री नसते, कारण ऐकणारा अर्थ पकडतो आणि प्रत्यय सोडून देतो. आपली चूक गोठली आहे का, हे पाहण्यासाठी बरोबर आणि चूक अशी दोन्ही वाक्ये लिहून कोणते खटकते ते पाहावे. एकही खटकत नसेल, तर नियम अजून मराठीचाच चालू आहे असे समजावे.

यावरचा उपायही मराठीतच आहे. ‘मी गेले पाहिजे’ याच्याच जोडीला आपल्याकडे ‘मला गेले पाहिजे’ अशीही रचना चालते. शिक्षकाने ‘चाहिए’ शिकवताना या ‘मला’चे बोट धरले, तर ‘मुझे जाना चाहिए’ आणि त्यापाठोपाठ ‘उसे जाना चाहिए’ सहज जुळते. ‘लाना’साठी मात्र असा आधार मराठीत नाही, ते पाठच करावे लागते.