पगारपत्रकाचे मराठीकरण (कोकण)

नोकरीला लागलेल्या मुलाचे ऑफर लेटर आणि सॅलरी स्लिप आई-वडिलांना कळेल अशा मराठीत सांगणे. कोकणात यासाठी आंब्याची पट्टी हाताशी आहे. वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्टीवर वर विक्रीची रक्कम, खाली गाडीभाडे, हमाली वगैरे वजा आणि तळाला बागायतदाराच्या हाती येणारी रक्कम असते. सॅलरी स्लिपही अशीच तळाकडून वाचायची.

समजा, सीटीसी वर्षाला ६ लाख आहे. सीटीसीला ‘पगार’ म्हटले की वडील बाराने भागतात आणि ५०,००० ची वाट बघतात. त्याचे सरळ मराठी ‘कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च’. मूळ पगार, म्हणजे बेसिक, २५,००० धरला तर ५०,००० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १,२०२ आधीच बाजूला निघते. उरलेल्या ४५,७९८ मधून मुलाच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापून बँकेत ४२,५९८ जमा होतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी दिसतात.

पट्टीची उपमा इथे तोकडी पडते. हमाली गेली ती गेली. पीएफ मात्र मुलाच्याच नावावर राहतो. ‘भविष्य निर्वाह निधी’ बरोबर असले तरी घरात ‘फंड’ म्हणावे, एसटीत किंवा शाळेत नोकरी केलेल्यांना तोच शब्द ठाऊक असतो. १२ टक्के हा बेसिकवरचा कापण्याचा दर आहे, व्याजाचा नव्हे. हा गोंधळ हमखास होतो. पहिल्यांदाच नोकरीला लागलेला मुलगा २५,००० बेसिकवर पीएफच्या पेन्शन योजनेत येत नाही, त्याच्या फंडात दरमहा पूर्ण ६,००० जातात. आधीच्या नोकरीपासून तो त्या योजनेत असेल तर कंपनीच्या ३,००० पैकी १,२५० तिकडे जातात, त्यामुळे फंडात ६,००० नव्हे, ४,७५० दिसतात. पैसे खाल्ले अशी शंका बहुतेकदा इथेच येते. काही कंपन्या १५,००० बेसिकवरच पीएफ धरतात. मग दोन्ही वाटे १,८०० चे होतात.

ग्रॅच्युइटीला ‘बक्षीस’ म्हणू नये. मालकाच्या मर्जीचे वाटते. सरकारी कागदातला ‘उपदान’ दान मागितल्यासारखा ऐकू येतो. ‘नोकरी सोडताना कायद्याने मिळणारी सेवेची रक्कम’ हे लांबलचक असले तरी चुकत नाही. हिशेब असा: शेवटचा बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. २५,००० वर पाच वर्षांचे ७२,११५ होतात. स्लिपवर ती कापलेली दिसत नाही, कारण ती मुलाच्या पगारातून जातच नाही. सीटीसीच्या आकड्यात मात्र धरलेली असते. कायम नोकरीत साधारण पाच वर्षे भरायच्या आत राजीनामा दिला तर ती मिळत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. म्हणून घरकर्जाचा हप्ता ठरवताना वडिलांना सांगायचा आकडा ४२,५९८.